पाणी बंदची लांबलचक सूचना स्टेटसच्या चार ओळींत कशी बसवावी

आमची सोसायटी ठाण्यात, वर्तक नगरला. गेली सहा वर्षं मी तिथे सचिव आहे. या काळात महापालिकेच्या पाणीपुरवठा बंदच्या किती सूचना मी लहान करून गटात टाकल्या, याची मोजदाद नाही. सुरुवातीच्या दिवसांतली एक चूक मात्र अजून मनात आहे. मंगळवारी रात्री मी लिहिलं, "उद्या पाणी बंद, भरून ठेवा." बुधवारी सकाळी कुणीतरी तो मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवला आणि फिरत फिरत तो कळव्याला माझ्या वहिनींपर्यंत पोहोचला. त्यांनी "उद्या" म्हणजे गुरुवार धरला. गुरुवारी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते, तो बेत त्यांनी मोडला. कळव्यात त्या वेळी पाणी बंद नव्हतंच. माझ्या पाच शब्दांत तारीख नव्हती आणि भागही नव्हता.

सोसायटीत, मंडळात किंवा वाड्यातल्या गटात हे काम ज्यांच्याकडे नव्यानं आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सरकारी सूचना पुष्कळ प्रकारच्या असतात, पण इथे फक्त पाणी बंदचीच घेतो. ती वारंवार येते, आणि ती चुकली की कुणाच्या तरी घरात खरंच पाणी नसतं.

जवळ काय हवं: मूळ सूचना पूर्ण, म्हणजे पीडीएफ किंवा सगळ्या ओळी दिसतील असा फोटो. भिंतीवरचं कॅलेंडर. कागद-पेन्सिल. आणि शेवटी मजकूर वाचायला घरातलं कुणीतरी, ज्यानं मूळ सूचना पाहिलेली नाही.

१. मूळ सूचना हातात घ्या, बातमी नको

बातमीचं कात्रण किंवा दुसऱ्या गटातून आलेला मजकूर ही आधीच कुणीतरी लहान केलेली गोष्ट असते. तिच्यात काय गळलंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि तिच्यावरून तुम्ही आणखी लहान केलंत तर गळती दुप्पट होईल. मूळ कागदावर कार्यालयाचं नाव आणि तारीख पाहा. "सुधारित" किंवा "शुद्धिपत्रक" हा शब्द कुठे आहे का, तेही बघा. काम पुढे ढकललं की त्याच मजकुराची नवी सूचना निघते, त्यात फक्त तारीख बदललेली असते, आणि जुनी सूचना गटागटांतून फिरतच राहते.

२. वाक्य शेवटाकडून वाचा

आता एक नमुना घेऊ. हा मी सरावासाठी तयार केला आहे, ही खरी सूचना नाही. पण ठाण्यात येणाऱ्या सूचना साधारण अशाच असतात.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, महानगरपालिकेच्या स्वतःच्या पाणीपुरवठा योजनेच्या जलशुद्धीकरण केंद्रातील विद्युत उपकेंद्राची पावसाळ्यापूर्वीची देखभाल व दुरुस्ती, तसेच मुख्य जलवाहिनीवरील गळती बंद करण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्याने, बुधवार दि. १३ मे रोजी सकाळी ९.०० ते गुरुवार दि. १४ मे रोजी सकाळी ९.०० या २४ तासांच्या कालावधीकरिता सदर योजनेतून होणारा पाणीपुरवठा बंद राहणार आहे. तथापि, शहरातील पाणीपुरवठा टप्प्याटप्प्याने सुरू ठेवण्याचे नियोजन करण्यात आले असून, त्यानुसार बुधवारी सकाळी ९.०० ते रात्री ९.०० या कालावधीत घोडबंदर रोड, वर्तक नगर, लोकमान्य नगर व साकेत या भागांचा, तर बुधवारी रात्री ९.०० ते गुरुवारी सकाळी ९.०० या कालावधीत समता नगर, सिद्धेश्वर, इंदिरा नगर, श्रीनगर व कळव्याचा काही भाग येथील पाणीपुरवठा बंद राहील. पाणीपुरवठा पूर्ववत होईपर्यंत पुढील १ ते २ दिवस पाणी कमी दाबाने येण्याची शक्यता आहे. तरी नागरिकांनी पाण्याचा काटकसरीने वापर करून महानगरपालिकेस सहकार्य करावे."

सरकारी मराठीत मुद्दा वाक्याच्या शेवटी असतो. आधी "करण्यात येणार असल्याने"पर्यंत सगळं कारण येतं. मग काळ येतो, आणि "बंद राहणार आहे" हे क्रियापद अगदी टोकाला. सुरुवातीपासून वाचत आलेला माणूस उपकेंद्र आणि जलवाहिनीतच दमतो, आणि पहिला ठळक आकडा दिसला की तोच उचलतो. म्हणून प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद आधी शोधा आणि त्याखाली रेघ मारा. नमुन्यात अशी क्रियापदं चार आहेत: "बंद राहणार आहे", "बंद राहील", "शक्यता आहे", "सहकार्य करावे". मग प्रत्येकाला विचारत मागे या: काय बंद? कधी? कुठे?

असं वाचलं की या सूचनेतली खरी मेख दिसते. "बंद" दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिलं "बंद" योजनेचं, म्हणजे पाणी येतं तिथलं, आणि ते २४ तासांचं. दुसरं "बंद" तुमच्या भागाचं, आणि ते १२ तासांचं. मधे "तथापि" आहे. या एका शब्दानं पहिल्या वाक्यातला आकडा घरगुती वापरासाठी निकामी होतो. नमुन्यातल्या नावांपैकी एकाही भागात पाणी २४ तास बंद नाही. तरी अशा सूचनेवरून गटात पहिला मजकूर येतो तो "ठाण्यात २४ तास पाणी बंद" असाच.

"तथापि", "मात्र", "वगळून", "त्यानुसार" हे शब्द दिसले की पेन्सिलनं गोल करा. त्यांच्या आधीचं वाक्य लिहून मोकळं व्हायचं नाही. नंतरचं वाचूनच लिहायचं.

३. काय गाळायचं आणि काय ठेवायचं

बिनधास्त गाळा: "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की", "सदर", "कालावधीकरिता", "रोजी", "दि.", सहकार्याचं आवाहन. अधिकाऱ्याचं पदनामही गाळा. कारण दोन शब्दांत पुरतं: "दुरुस्तीचं काम".

न गाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण लहान करताना नेमक्या त्याच हातून सुटतात, कारण दिसायला त्या बारीक असतात.

पहिली, कमी दाबाची ओळ. सूचनेत ती शेवटी येते, त्यामुळे अनेकजण तिथे पोहोचण्याआधीच थांबतात. आमच्या इमारतीत पाणी आधी खालच्या टाकीत येतं आणि मग पंपानं वर चढतं. दाब कमी असेल तर खालची टाकी भरायलाच तास-दोन तास जास्त लागतात, आणि सकाळी सातला पंप लावणाऱ्याला टाकीत फूटभर पाणी दिसतं. बंद संपला म्हणून लोकांनी साठवलेलं पाणी संपवून टाकलेलं असतं. दुसऱ्या दिवसाची तक्रार माझ्याकडे बंदच्या दिवसापेक्षा जास्त येते, ती यामुळेच.

दुसरी, "काही भाग". "कळव्याचा काही भाग" याचं "कळवा" केलंत की निम्म्या कळव्याला तुम्ही उगाच बादल्या भरायला लावता. आपल्या मजकुरातही "काही भाग" असंच लिहा. कोणता भाग, हे सूचनेत नसेल तर आपण अंदाजानं ठरवायचं नाही.

तिसरी, "शक्यता आहे". "कमी दाबाने येण्याची शक्यता" याचं "कमी दाबाने येईल" करू नका. "येऊ शकतं" लिहिलं तरी अक्षरं फारशी वाढत नाहीत.

चौथी, पाणी कुणाचं. ठाण्यात पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आहे, एमआयडीसी आहे, काही पाणी मुंबई महापालिकेकडूनही येतं. एमआयडीसीनं दुरुस्ती काढली तर दिवा, मुंब्रा, कळवा या बाजूला त्रास होतो आणि घोडबंदरकडच्या बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून "एमआयडीसीचं पाणी" किंवा "पालिकेची स्वतःची योजना" हे दोन-तीन शब्द ठेवा. आपल्याला कुठून पाणी येतं ते ठाऊक असलेला माणूस तेवढ्यावरून ओळखतो.

४. वार, तारीख आणि रात्रीचे बारा

"आज", "उद्या", "परवा" हे शब्द मजकुरात नकोत. फॉरवर्ड झालेल्या मजकुरावर तो पहिल्यांदा कधी लिहिला ते दिसत नाही, पुढे पाठवल्याची वेळ तेवढी दिसते. वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि दोन्ही जुळतात का ते कॅलेंडरवर बोट ठेवून पाहा. मूळ सूचनेतच वार आणि तारीख जुळत नसतील तर पाणीपुरवठा विभागाला किंवा प्रभाग समितीच्या कार्यालयाला फोन करून विचारा, आणि तोवर पाठवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ "रात्री १२"चा. सूचनेत "गुरुवार रात्री १२.०० ते शुक्रवार रात्री १२.००" असं पुष्कळदा असतं. वाचणाऱ्यांपैकी काहीजण गुरुवारची रात्र म्हणजे बुधवार संपून गुरुवार सुरू होतो ती धरतात. एकाच ओळीवरून दोन शेजारी दोन वेगळ्या दिवशी पाणी भरतात. याचा सरळ अर्थ असा: गुरुवारी रात्री जेवून झोपलात की बाराला पाणी बंद, आणि शुक्रवार पूर्ण दिवस बंद. म्हणून मी लिहितो: "शुक्रवार पूर्ण दिवस पाणी बंद (गुरुवारी रात्री १२ पासून). गुरुवारी रात्रीपर्यंत भरून घ्या." सूचनेत "एकूण २४ तास" लिहिलेलं असतं, त्यावरून आपला अर्थ पडताळता येतो. तास मोजून २४ भरत नसतील तर एका टोकाची रात्र आपण चुकीची धरली आहे; दोन्ही टोकं सारखीच चुकली तर मात्र २४च भरतात, तेव्हा वारही नीट पाहा.

५. भागांची नावं

इथे घाई करू नका. सूचनेतली नावं नेहमी आपल्या पत्त्यातली नसतात. पाणी जलकुंभावरून वाटलं जातं, त्यामुळे यादीतली काही नावं जलकुंभाची असतात, आणि एका जलकुंभावर आजूबाजूच्या दोन-तीन वस्त्या असू शकतात. आपल्या पत्त्यातलं नाव यादीत नाही, म्हणून "आपल्याकडे पाणी आहे" असं लिहून टाकणं धोक्याचं. आपली इमारत कोणत्या जलकुंभावर आहे हे एकदाच विचारून घ्या. आपल्या पंपचालकाला किंवा भागातल्या चावीवाल्याला ते माहीत असतं. ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहून ठेवा, म्हणजे पुढचा सचिव अडणार नाही.

नवी मुंबईत अडचण वेगळी आहे. तिथलं पाणी मोरबे धरणातून भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रामार्गे येतं. त्या मुख्य जलवाहिनीचं काम निघालं की सूचनेत बेलापूर, नेरूळ, वाशीपासून ऐरोलीपर्यंतची नावं येतात, आणि शेवटी "तसेच महापालिका क्षेत्राबाहेरील सिडकोचे खारघर व कामोठे नोड" अशी एक शेपटी असते. सगळी नावं लिहिण्याऐवजी "नवी मुंबई महापालिका क्षेत्र" लिहिलं की ही शेपटी कापली जाते. खारघर आणि कामोठे पनवेल महापालिकेत आहेत, त्यामुळे तिथला माणूस तुमचा मजकूर वाचून "हे आपलं नाही" म्हणून निर्धास्त राहतो. त्यांना मिळणारं ते पाणी मात्र त्याच वाहिनीचं.

नावं गाळून जागा वाचवण्याची सवय लागू देऊ नका. जागा वाचवायची तर मजकूर दोन प्रकारचा करा.

६. स्टेटससाठी एक, फॉरवर्डसाठी एक

स्टेटस पाहणारे बहुतेक तुमच्या ओळखीचे असतात आणि स्टेटस २४ तासांत नाहीसं होतं. फॉरवर्ड मात्र कुणाकडेही, कधीही पोहोचतं. म्हणून स्टेटसवर फक्त आपला भाग चालतो, फॉरवर्डमध्ये सगळे भाग हवेत. नमुन्यावरून फॉरवर्डचा मजकूर असा होतो:

> *पाणी बंद, ठाणे : १३-१४ मे*
> बुध. १३ मे सकाळी ९ ते रात्री ९ : घोडबंदर रोड, वर्तक नगर, लोकमान्य नगर, साकेत
> बुध. १३ मे रात्री ९ ते गुरु. १४ मे सकाळी ९ : समता नगर, सिद्धेश्वर, इंदिरा नगर, श्रीनगर, कळव्याचा काही भाग
> नंतर १-२ दिवस पाणी कमी दाबाने येऊ शकतं.
> पालिकेची स्वतःची योजना, दुरुस्तीचं काम. (महापालिकेची सूचना, ११ मे)

पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांना जी चांदणी आहे, तिनं व्हॉट्सॲपवर अक्षरं ठळक होतात. ठळक एवढीच ओळ ठेवा. सगळंच ठळक केलं तर नजर कुठेच थांबत नाही. "२४ तास" हे शब्द मी मुद्दाम गाळले आहेत, कारण कुठल्याच घराला ते लागू नाहीत. शेवटच्या कंसात मूळ कागदावरची सूचनेची तारीख आहे, नमुन्यासाठी मी ती ११ मे धरली आहे. उद्या सुधारित सूचना आली तर कोणता मजकूर जुना हे त्या तारखेवरून कळतं.

स्टेटससाठी आमच्या भागापुरता मजकूर:

> वर्तक नगर : बुधवार १३ मे, सकाळी ९ ते रात्री ९ पाणी बंद.
> नंतर १-२ दिवस कमी दाबाने येऊ शकतं.
> इतर भागांच्या वेळा वेगळ्या आहेत, मला विचारा.

व्हॉट्सॲपच्या मजकुरी स्टेटसला ७०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि काना, मात्रा, वेलांटी त्यात वेगळ्या मोजल्या जातात. "ठाणे" आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं, फोन ते चार मोजतो. पण मर्यादेच्या कितीतरी आधीच अक्षरं बारीक होत जातात आणि स्टेटस पुढे सरकतं. मी चार ओळींच्या वर जात नाही. रंगीत चित्रावर मजकूर टाकायचा मोह होतो, पण चित्रातला मजकूर सहज निवडून पुढे पाठवता येत नाही, आणि ज्यांच्या फोनवर मोठी अक्षरं लावलेली आहेत त्यांना चित्रात ती मोठी दिसत नाहीत. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनीच मला हे सांगितलं.

वेळ साधा. सोमवारी सकाळी लावलेलं स्टेटस मंगळवारी सकाळी जातं, आणि पाणी भरायची वेळ असते मंगळवारी संध्याकाळी. बुधवारच्या बंदसाठी मी मंगळवारी दुपारी स्टेटस लावतो. गटात मात्र सूचना आली त्याच दिवशी टाकतो.

सोसायटीची स्वतःची सूचना, म्हणजे "पंप मंगळवारी रात्री दहाला एकदा जादा चालेल" वगैरे, याच मजकुरात मिसळू नका. ती दुसरा मेसेज म्हणून टाका. एकत्र लिहिलं की पुढच्या इमारतीतले लोक आमचा पंप महापालिकेचा समजून त्याची वाट पाहतात.

७. पाठवण्याआधी आणि चुकलं तर

मूळ सूचना न पाहिलेल्या माणसाला छोटा मजकूर वाचायला द्या, मग फोन काढून घ्या आणि तीन प्रश्न विचारा: आपल्याकडे पाणी कधी जाणार? कधी येणार? मावशी श्रीनगरला राहतात, त्यांच्याकडे? तिसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळला तर भागांच्या ओळी नीट तुटलेल्या नाहीत. माझा मुलगा हे काम करतो. तो "बुधवारी सकाळी नऊ वाजता येणार की जाणार?" असं विचारतो, तेव्हा मी ओळ पुन्हा लिहितो.

मग छोटा मजकूर मूळ सूचनेशेजारी ठेवून आकडे उलट दिशेनं जुळवा. आपल्या मजकुरातला प्रत्येक आकडा मूळ कागदावर सापडला पाहिजे. जो सापडत नाही तो आपण घातलेला आहे. "१-२ दिवस कमी दाब" याचं मी एकदा स्वतःच गणित करून "१५ मेपर्यंत" असं काहीसं लिहिलं होतं. मुळात ती तारीख नव्हती. काम लांबलं, दाब आणखी एक दिवस कमी राहिला, आणि लोक माझ्या तारखेवर विसंबून होते.

पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मजकूर दुरुस्त करता येतो. पण तेवढ्यात कुणी पुढे पाठवला असेल तर त्या प्रती बदलत नाहीत. त्यामुळे चूक तारखेची, वेळेची किंवा भागाची असेल तर मी गुपचूप दुरुस्त करून थांबत नाही, नवा मेसेज टाकतो, आणि त्यात जुनं काय आणि नवं काय हे दोन्ही लिहितो:

> *दुरुस्ती : वर्तक नगर पाणी बंद*
> आधीच्या मेसेजमध्ये "गुरुवार १४ मे" लिहिलं होतं, ते चूक.
> बरोबर : बुधवार १३ मे, सकाळी ९ ते रात्री ९.
> आधीचा मेसेज पुढे पाठवला असेल तर हाही तिथेच पाठवा.

नुसतं "सुधारित" लिहिलं तर ज्याच्याकडे दोन्ही मेसेज उलट्या क्रमानं पोहोचतात त्याला कोणता खरा ते कळत नाही. फॉरवर्ड होत होत हा क्रम उलटतोच. शिवाय बऱ्याच हातांतून गेलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते, आणि असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणून दुरुस्तीचा मेसेज नव्यानं, स्वतंत्र लिहायचा, म्हणजे त्याच्यावर ती खूण नसते आणि तो एका वेळी पाच ठिकाणी जातो. स्टेटस मात्र लगेच काढून नवं लावा. दोन्ही स्टेटस एकापाठोपाठ राहिली तर लोक आधी जुनं पाहतात, आणि पुष्कळजण तेवढंच पाहून बाहेर पडतात.